पन्नास हजारांच्या खाली विकायचं नाही

न्यूझीलंड सरकारने १९९० साली रेडिओ आणि टीव्हीच्या लहरींचे परवाने बंद पाकिटांच्या लिलावात विकायला काढले. ज्याची बोली सर्वांत मोठी त्याला परवाना, पण त्याने भरायची रक्कम मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी, असा नियम होता. एका कंपनीने पाकिटात १ लाख डॉलर लिहिले होते. तिच्या खालची बोली निघाली ६ डॉलरची, त्यामुळे कंपनीने ६ डॉलर भरले आणि परवाना घेऊन गेली. आणखी एका परवान्यावर ७० लाखांची बोली असून वसुली झाली ५ हजारांची. एका छोट्या शहराच्या टीव्ही परवान्यासाठी ओटॅगो विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने १ डॉलर लिहून पाठवला. दुसरं पाकीट आलंच नाही, म्हणून त्याला काहीच भरावं लागलं नाही. सरकारचं हसं झालं आणि लोकांनी बोल लावला तो दुसऱ्या बोलीच्या नियमाला.

तो नियम मात्र वेडगळ नाही. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्येच त्याचा अभ्यास करून ठेवला होता. या पद्धतीत बोली लावणाऱ्याला लपवाछपवी करून काही मिळत नाही. वस्तू आपल्याला जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा लिहिणं त्याच्या फायद्याचं असतं. न्यूझीलंडला नडलं ते वेगळंच. इतक्या रकमेखाली विकणार नाही, हे सांगणारा आकडाच सरकारने ठेवला नव्हता. आपल्याकडे बँकेने जप्त केलेल्या फ्लॅटच्या लिलावाच्या नोटिशीत ‘राखीव किंमत’ म्हणून छापलेला असतो, तोच हा आकडा.

हा आकडा वसुली किती वाढवतो हे बघायला एक साधा हिशेब मांडू. एका सोसायटीला जुना जनरेटर काढून टाकायचा आहे. सोसायटीला त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणजे तिच्या लेखी त्याची किंमत शून्य. घ्यायला दोन व्यापारी आहेत. प्रत्येकाच्या मनात आपापला आकडा आहे, एकाला दुसऱ्याचा माहीत नाही, आणि तो आकडा शून्यापासून १ लाखापर्यंत कुठेही असण्याची शक्यता सारखीच. नियम न्यूझीलंडचाच, दुसऱ्या बोलीचा. राखीव किंमत नसेल तर सोसायटीच्या हाती दोघांतला लहान आकडा पडतो आणि त्याची सरासरी ३३,३३३ रुपये येते.

आता सोसायटीने जाहीर केलं की ५० हजारांच्या खाली विकायचं नाही. तीन शक्यता उरतात. दोघांचेही आकडे ५० हजारांच्या खाली असतील, तर जनरेटर पडून राहतो. हे चारांत एकदा घडतं. एरवी अशा वेळी सरासरी १६,६६७ रुपये आले असते, ते बुडाले. दोघांचेही आकडे ५० हजारांच्या वर असतील, हेही चारांत एकदा, तेव्हा राखीव किमतीने काहीच बदलत नाही; दोघांच्या चढाओढीतच सरासरी ६६,६६७ मिळतात. खरी कमाई उरलेल्या दोन वेळांत आहे. एकाचा आकडा वर आणि दुसऱ्याचा खाली असतो, तेव्हा पूर्वी खालच्याच्या आकड्यावर भागवावं लागायचं, म्हणजे सरासरी २५ हजारांवर. आता वरच्याला ५० हजार मोजावे लागतात. न्यूझीलंडच्या १ लाख आणि ६ डॉलरवाल्या कंपनीची गत हीच होती: मोठा गिऱ्हाईक एकच आणि त्याला भिडणारं कुणी नाही. तिथे राखीव किंमतच दुसऱ्या बोलीचं काम करते.

एकूण जमा करा. पहिल्या शक्यतेचं नुकसान सरासरीत ४,१६७ रुपये, मधल्या शक्यतेचा फायदा १२,५००. निव्वळ वाढ ८,३३३ आणि सरासरी वसुली ४१,६६७ रुपये. माल विकायलाच नकार देऊन सरासरी पाव पटीने वाढली, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

आपल्याकडच्या निविदांत बहुधा जिंकणारा स्वतःचाच आकडा भरतो. तिथे व्यापारी मनातलं खरं लिहीत नाही, हात राखून लिहितो. दोनच व्यापारी असतील आणि राखीव किंमत नसेल, तर निम्मं लिहिणं फायद्याचं: जनरेटर ८० हजारांचा वाटला तर पाकिटात ४० हजार. राखीव किंमत ५० हजार ठेवली की हाच व्यापारी ५५,६२५ लिहितो. नुसते ५० हजार लिहून भागत नाही, कारण दुसऱ्याचाही आकडा पन्नासाच्या वर असू शकतो. ज्याला जनरेटर पूर्ण १ लाखाचा वाटतो त्याची बोली ५० हजारांवरून ६२,५०० वर जाते. म्हणजे इथे राखीव किंमत तिच्या बरीच वर असलेल्या बोल्यांनाही खालून ढकलते. सरासरी मात्र तीच, ४१,६६७.

पण पन्नासच का? समजा, ५० हजारांचे ५१ हजार करायचे. याचा परिणाम फक्त तेव्हाच होतो, जेव्हा एक सोडून बाकी सगळे राखीव किमतीच्या खाली असतात. त्या एकट्याचा आकडा ५१च्या वर असेल तर हजार रुपये जादा मिळतात. तो नेमका ५० ते ५१च्या मध्ये असेल तर हातचे ५० हजार जातात. किंमत पन्नासाहून कमी असताना वाढवणं परवडतं, त्याहून जास्त असताना अंगाशी येतं, आणि पन्नासाला दोन्ही पारडी बरोबर होतात. या हिशेबात व्यापारी किती आहेत हे कुठेच आलं नाही. दोन असोत वा वीस, उत्तर तेच. रॉजर मायर्सन यांच्या १९८१च्या निबंधातला मला सर्वांत आवडणारा निष्कर्ष हाच. सोसायटीला जनरेटर स्वतःलाच २० हजारांचा वाटत असेल तर राखीव किंमत ६० हजार: आपली किंमत आणि वरची मर्यादा यांच्या बरोबर मध्ये.

आकडा तोच राहिला तरी त्याचा फायदा गर्दीत विरघळतो. तीन व्यापारी असले तर सरासरी ५० हजारांवरून ५३,१२५ होते. दहा असले तर वाढ जेमतेम ९ रुपयांची, कारण एवढ्यांत दुसरा मोठा आकडा निघतोच. शिवाय हेही बघा: राखीव किंमत न ठेवता तिसरा व्यापारी आणला तर ५० हजार मिळतात, आणि दोघांवर उत्तम राखीव किंमत लावून ४१,६६७. जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की हे पुष्कळ प्रकारच्या लिलावांना लागू पडतं. कमिटीने राखीव किमतीवर तीन बैठका घालवण्याआधी आणखी एका भंगारवाल्याला फोन करावा.

सर्वांत अवघड भाग माल न खपल्यानंतरचा. चारांतल्या त्या एका वेळी जनरेटर पडून राहिला, की कमिटीला मोह होतो: चला, ३० हजारांवर आणू. एकदा असं केलं की पुढच्या खेपेला व्यापारी ५० हजार मनावर घेणार नाहीत, थांबून राहतील. वरचा सगळा हिशेब ‘विकणार नाही म्हणजे नाही’ यावर उभा आहे. त्यातून ‘१ लाखापर्यंत’ हा अंदाजच फुगलेला असेल तर राखीव किंमतही फुगते.

भारत सरकारचे लहरींचे लिलाव बंद पाकिटांचे नसतात, फेऱ्याफेऱ्यांनी चढतात. तरी ही अडचण तिथे स्पष्ट दिसते. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी २०१६ मध्ये दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये राखीव किंमत होती. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरीही कुणी फिरकलं नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर उतरल्यावर जिओने राखीव किमतीलाच १० मेगाहर्ट्झ घेतले. मधल्या सहा वर्षांत त्या लहरींतून सरकारला एक रुपयाही मिळाला नव्हता.