तरंगत्या कॉलमखालची कैची

मुंबई-पुण्यातल्या टॉवरखाली पार्किंगचे मजले असतात. वरच्या फ्लॅटमधले कॉलम खोल्यांच्या रचनेप्रमाणे येतात, आणि त्यांतले काही नेमके गाड्यांच्या वाटेत उतरतात. असा कॉलम मग मध्येच थांबवतात. साइटवर त्याला फ्लोटिंग कॉलम म्हणतात. त्याचा भार खाली भल्यामोठ्या बीमवर येतो आणि तो बीम तो भार दोन बाजूंच्या कॉलमवर नेऊन पोचवतो. हाच ट्रान्सफर बीम.

एक उदाहरण घेऊ. आधाराच्या दोन कॉलममध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साडेपाच मीटर अंतर आहे. बीम 3 मीटर उंच, 1 मीटर रुंद. मधोमध वरून 1 मीटर रुंदीचा कॉलम उतरतो आणि सुरक्षिततेसाठी दीडपट केलेला त्याचा भार 800 टन आहे. (बीमचं स्वतःचं वजन हिशेबापुरतं बाजूला ठेवू.) भारतीय मानक आयएस 456 नुसार साध्या आधारांवरच्या बीमचा गाळा उंचीच्या दुपटीहून कमी असला, की तो डीप बीम. इथे साडेपाचाला तीनने भागलं की 1.83 येतात. अशा बीममध्ये वाकण्याचा नेहमीचा सिद्धांत लागू पडत नाही, कारण भार आधाराकडे जवळजवळ सरळ तिरका जातो.

म्हणून डिझायनर काँक्रीटच्या पोटात एक कैची कल्पितो, छपराखाली असते तशी. तिचे तिरके दांडे काँक्रीटचे. ते दाब घेतात, त्यांना स्ट्रट म्हणतात. खालचा आडवा दांडा सळयांचा. तो ताण घेतो, तो टाय. दोन्ही जिथे भेटतात तो नोड. रिटर आणि मॉर्श यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी बीमची तुलना कैचीशी केली होती. 1987 साली स्टुटगार्टच्या श्लाइश, शेफर आणि येनेवाइन यांनी त्यातून सर्व प्रकारच्या काँक्रीट बांधकामाला लागू पडेल अशी सुसंगत पद्धत उभी केली.

हिशेब अगदीच सोपा आहे. वरच्या कॉलमचा अर्धा भार, 400 टन, प्रत्येक बाजूला जातो. तो कॉलमच्या मध्यापासून पाव मीटरवर उतरतो असं धरलं तर आधाराच्या मध्यापर्यंत आडवं अंतर अडीच मीटर उरतं. वरच्या दाबपट्ट्यापासून खालच्या सळयांपर्यंतची उंचीही अडीच मीटर धरली, की कोन 45 अंशांचा होतो. मग टायमध्ये 400 टन ताण आणि प्रत्येक स्ट्रटमध्ये सुमारे 566 टन दाब येतो. 500 ग्रेडची 32 मिलिमीटरची एक सळई 35 टनांच्या आसपास पेलते. म्हणजे बारा सळया लागतील.

गंमत अशी, की मधोमध लागणाऱ्या सळया नेहमीच्या पद्धतीनेही जवळपास तेवढ्याच येतात. फरक पडतो टोकांना. साध्या बीममध्ये आधाराकडे जाताना ताण कमी होत जातो, म्हणून काही सळया मध्येच थांबवायची सवय असते. कैचीत मात्र टायचा ताण एका नोडपासून दुसऱ्यापर्यंत सारखाच राहतो. लिओनहार्ट आणि वाल्टर यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमध्येही उंच बीमच्या खालच्या सळयांत ताण जवळपास एकसारखा आढळला होता. तेव्हा बाराच्या बारा सळया आधारापर्यंत न्यायच्या, आणि तिथे त्या घट्ट रुतल्या पाहिजेत. एम40 काँक्रीटमध्ये सरळ सळईला पूर्ण पकड यायला साधारण 1.15 मीटर लांबी लागते. कॉलम 1 मीटरचा, त्यातून कव्हर वजा. लांबी कमी पडते. म्हणून टोकं वर वळवतात किंवा त्यांना टीच्या आकाराचं डोकं लावतात.

पकडीतली चूक किती महाग पडते, हे 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत दिसलं. स्टाव्हांगरजवळ स्लाइप्नर ए या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान बुडाला. संगणकी विश्लेषणात भिंतीतलं कर्तन बल बरंच कमी धरलं गेलं होतं, आणि टी-डोक्याच्या सळया हव्या तितक्या पुढे नेलेल्या नव्हत्या. तो ट्रान्सफर बीम नव्हता, पण दोष याच जातीचा होता.

स्ट्रटचंही एक दुखणं आहे. मधल्या भागात तो फुगतो आणि आडव्या दिशेने फाटू पाहतो. त्यासाठी बीमच्या दोन्ही बाजूंना उभ्या-आडव्या सळयांची जाळी लागते. आणि इथेच साइटवरचा फिटर वैतागतो: टायच्या सळया, कॉलमच्या सळया, जाळी, रिंगा, सगळं नोडपाशीच गोळा होतं. व्हायब्रेटरची सुई आत शिरली नाही तर काँक्रीट पोकळ राहतं, तेही सर्वाधिक दाबाच्या जागी. म्हणून नोडचं रेखाटन खऱ्या मापात काढून पाहणं हा डिझाइनचाच भाग मानावा.

पद्धतीच्या मर्यादाही आहेत. दोन डिझायनर दोन वेगळ्या कैच्या काढू शकतात. समतोल साधला आणि कुठलाही भाग आपल्या क्षमतेबाहेर गेला नाही, तर दोन्ही चालतात. बीम किती वाकेल हे मात्र कैची सांगत नाही. भूकंपाचा प्रश्न तर वेगळाच, आणि तिथे फ्लोटिंग कॉलमवर मानकांचे निर्बंध कडक आहेत.

शटरिंग काढलं तेव्हा बीमवर पूर्ण भार नसतो; तो मजल्यागणिक वाढतो. म्हणून जाणता इंजिनिअर वरचे मजले चढत असतानाही खाली येऊन बीम न्याहाळतो. कॉलमपासून आधाराकडे जाणारी केसाएवढी तिरकी भेग त्याला अपेक्षितच असते. पण आधाराच्या आतल्या कडेशी तळातून वर चढणारी भेग रुंदावत चालली, किंवा टोकाला सळयांच्या रेषेत आडवी चीर दिसली, की तो वरचं काम थांबवून टेके लावायला सांगतो.