रेंडरमधली भिंत आणि घरातली भिंत

हॉलच्या रेंडरमध्ये भिंत फिकट क्रीम दिसते, जवळजवळ पांढरीच. काम पूर्ण झाल्यावर तीच भिंत पिवळट वाटते आणि खापर पेंटरवर फुटतं. पण डब्यातला रंग बहुतेक वेळा बरोबर असतो. चुकीचं असतं ते रंगाबद्दल दिलेलं आश्वासन.

समजा, निवडलेल्या शेडचा स्क्रीनवरचा कोड #E8D9BC आहे. त्याचा हिशेब मांडला तर ही भिंत अंगावर पडलेल्या लाल प्रकाशातला सुमारे ८१ टक्के परत फेकते, निळ्यातला मात्र ५० टक्केच. हाच प्रकाश समोरच्या, त्याच रंगाच्या भिंतीवर आदळून परतला की लाल उरतो ६५ टक्के आणि निळा २५. म्हणजे आधी लाल निळ्याच्या दीडपटीहून थोडा जास्त होता, तो आता अडीचपटीच्या पुढे गेला. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की खोली शेड कार्डापेक्षा गडद आणि पिवळी वाटते ती यामुळे. कोपऱ्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

रेंडरचं सॉफ्टवेअर हे परावर्तन मोजू शकतं. पण चित्र स्वच्छ दिसावं म्हणून भिंतीचा रंग छतावर किंवा फरशीवर उतरणं अनेकदा मुद्दाम कमी केलं जातं. उजेड वाढवला की फिकट रंग पांढऱ्याकडे सरकतात. दिव्याचा पिवळेपणाही व्हाइट बॅलन्स बदलून काढून टाकता येतो. घरात मात्र ३००० केल्विनचे वॉर्म दिवे लागतात. त्यांच्या प्रकाशात निळा आधीच कमी, त्यामुळे क्रीम आणखी पिवळं पडतं. डोळा थोडंफार जुळवून घेतो, पण खिडकीतून दिवसाचा उजेड आत येत असेल तर फरक लगेच कळतो.

म्हणून कोटेशनमध्ये ‘रेंडरप्रमाणे फिकट क्रीम’ असं लिहू नये. असं वाक्य कुणालाच पाळता येत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘हॉलच्या चारही भिंती, अमुक कंपनीचा अमुक शेड नंबर, मॅट फिनिश, प्रायमरवर दोन हात. चित्रातला रंग अंदाजे आहे. दिवसा क्रीम, वॉर्म दिव्यात पिवळसर दिसेल. रंग नमुना पाहून पक्का होईल.’ ‘पिवळसर दिसेल’ हे लिहायला डिझायनर कचरतात, आणि माझ्या मते नेमके तेच शब्द सर्वांत गरजेचे आहेत.

नमुना शेड कार्डाच्या बोटभर तुकड्याचा नको. दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून, वाळल्यावर ते कोपऱ्यात काटकोनात उभे करावेत, म्हणजे परावर्तनाची थोडी कल्पना येते. सकाळी पाहावेत आणि रात्री घरात जे दिवे लागणार आहेत तेच लावून पुन्हा पाहावेत. पसंत पडले तर शेड नंबर आणि तारीख मागे लिहून दोघांनी सही करावी, आणि मगच डबे मागवावेत.