रिन्युअलच्या आधीचा मेल: डी अँड ओ पॉलिसीत काय मागायचं?

आजचा विषय कोरडा वाटेल, पण नारायणगावचा टोमॅटो किंवा मंचरचा कांदा विकणारी शेतकरी उत्पादक कंपनी तुमच्या घरात असेल, तर नीट ऐका. अशा कंपनीला कायद्याने किमान ५ डायरेक्टर लागतात, आणि ते बहुतेक शेतकरीच असतात. कारभारात चूक झाली असा आरोप करून कुणी केस केली, तर नोटीस त्यांच्या स्वतःच्या नावावर येऊ शकते. त्यासाठी डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स, म्हणजेच डी अँड ओ पॉलिसी असते.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. लिमिट २ कोटी, डिडक्टिबल ५ लाख. रिन्युअलला ब्रोकर म्हणतो, "डिडक्टिबल १० लाख करा, प्रीमियम २०,००० ने कमी होईल." घ्यायचं का?

सरळ भागाकार करा. दर क्लेमला ५ लाख जास्त भरायचे आणि वर्षाला २० हजार वाचवायचे. ५ लाख भागिले २० हजार, म्हणजे २५. पंचवीस वर्षांत एकापेक्षा जास्त क्लेम आला, तर सौदा तोट्याचा. आणि ऐन सीझनला, पैसा मालात अडकलेला असताना, १० लाख रोख निघतील का?

आता लिमिट. बहुतेक पॉलिसींत वकिलाचा खर्चही याच लिमिटमधून जातो. केस लढण्यात ६० लाख गेले, तर भरपाईला १ कोटी ४० लाखच उरतात. तेही वर्षभरातल्या सगळ्या क्लेमसाठी आणि सगळ्या डायरेक्टरांत मिळून.

म्हणून पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी ब्रोकरला असा मेल टाका:

"नमस्कार. कृपया तीन कोटेशन द्यावीत: २ कोटी लिमिट व ५ लाख डिडक्टिबल; २ कोटी व १० लाख; ३ कोटी व ५ लाख. कंपनी पैसे देऊ शकत नसेल, तेव्हा डायरेक्टरच्या वैयक्तिक क्लेमला डिडक्टिबल शून्य राहील, हे लेखी कळवावे. वाढीव १ कोटी जुन्या निर्णयांवरच्या क्लेमलाही लागू होतील का, तेही कळवावे."

शेवटचं वाक्य का? कारण या पॉलिसीत निर्णय कधी घेतला यापेक्षा क्लेम कधी आला, ते बघतात. लिमिट वाढवताना विमा कंपनी बऱ्याचदा वाढीव रकमेतून जुन्या भानगडी वगळते.

आणि इथेच लोक फसतात. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने ॲडव्हान्सवरून "कोर्टात खेचतो" असं पत्र आधीच पाठवलंय. प्रीमियम वाढेल म्हणून ते लपवलं, तर पुढे क्लेम नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. उलट, चालू पॉलिसी संपण्याआधी ते लेखी कळवलं आणि पॉलिसीत तशी तरतूद असली, तर नंतर आलेली केसही याच पॉलिसीत धरतात.

तेव्हा भाव करायचा मेल पाठवण्याआधी कंपनीची आलेल्या पत्रांची फाईल उघडा. चला, भेटू पुढच्या भागात!