सिमेंटचा जुना पत्रा उतरवताना

चाळी, गोठे, कारखान्यांच्या शेड यांवरचे करडे सिमेंटचे पत्रे साधारण दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. पत्रा धड असतो तोवर हे तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. पण ऊन-पावसाने वरचा थर झिजतो, शेवाळ धरते, कडा भुगभुगीत होतात आणि तंतू सुटू लागतात. श्वासावाटे ते फुप्फुसात रुतले, की कर्करोग व्हायला वीस-चाळीस वर्षेही लागतात. म्हणून आज उतरवणाऱ्याला काहीच जाणवत नाही.

सर्वांत मोठा घात होतो तो खुद्द उतरवतानाच. गंजलेले हूक-बोल्ट सुटत नाहीत, मग हातोडा चालतो किंवा ग्राइंडर. दोन्हींमुळे धुरळा उडतो. त्याऐवजी पत्र्यावर साबणाचे पाणी हलकेच फवारून तो ओला ठेवावा आणि बोल्टच हाताने, कटरने तोडावा. पत्र्यावर पाय मुळीच देऊ नये, वजनाने तो अचानक फुटतो. खाली पडून जीव जाणे हा धोका तर कर्करोगाच्या आधीचा. आधाराच्या लोखंडावर टेकलेल्या फळीवरूनच काम करावे. पत्रा अख्खा, दोरीने खाली सोडावा.

तोंडाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी. चेहऱ्याला घट्ट बसणारा एफएफपी३ मास्क हवा. झाडू मारू नये, तुकडे ओल्या फडक्याने टिपावेत. सगळे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे, उदाहरणार्थ तळोजा किंवा रांजणगावला, पाठवण्याची चौकशी आधीच करावी. कामगार ते कपडे घरी नेणार नाहीत, हेही घरमालकाने पाहावे.