समुद्राला पडलेला खड्डा

श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात पाण्याला एक अवाढव्य खड्डा आहे. तळाला नव्हे हं, पाण्यालाच! तिथला पाण्याचा पृष्ठभाग जिथे असायला हवा, त्यापेक्षा सुमारे 106 मीटर खाली आहे. आणि गंमत म्हणजे त्यावरून जाणाऱ्या जहाजातल्या खलाशांना त्याचा पत्ताही लागत नाही. जहाज ना घसरतं, ना त्याला पलीकडचा चढ चढावा लागतो.

आता तुम्ही विचाराल, ‘जिथे असायला हवा’ हे ठरवलं कुणी?

पृथ्वी स्वतःभोवती गरगर फिरते, म्हणून ती मधे थोडी फुगली आहे. हलक्या हाताने दाबलेला लाडू असतो ना, तशी. विषुववृत्तावर तिची त्रिज्या 6378 किलोमीटर, तर ध्रुवांपाशी 6357. शास्त्रज्ञांनी या मापांचा एक गुळगुळीत, काल्पनिक आकार गणिताने तयार केला. त्याचं नाव इलिप्सॉइड. खड्ड्याचे ते 106 मीटर याच्यापासूनच मोजलेले. त्यात डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत, समुद्रही नाही.

खरी पृथ्वी काही इतकी शहाणी नाही. तिच्या पोटात कुठे जड दगड ठासून भरलेत, कुठे हलका, तापलेला भाग आहे. जिथे वस्तुमान जास्त, तिथे ओढ जास्त, म्हणून आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं आणि फुगवटा येतो. न्यू गिनीजवळ समुद्र असाच सुमारे 85 मीटर वर आलेला आहे. जिथे वस्तुमान कमी, तिथे पाणी खाली बसतं. भरती-ओहोटी, लाटा आणि प्रवाह नसते, तर समुद्र ज्या उंचसखल आकारात निवांत पसरला असता, त्याला म्हणतात जिओइड. जमिनीखालूनही तो तसाच पुढे गेला आहे असं मानतात.

मग जहाज घसरत का नाही? गवंडीकाकांचा ओळंबा आठवा. दोरीला टांगलेलं वजन जिकडे ओढलं जातं, ती दिशा म्हणजे ‘खाली’. खड्ड्याच्या उतारावर ही ‘खाली’ची दिशासुद्धा अगदी बरोबर तेवढीच कललेली असते! त्यामुळे ओळंबा पाण्याशी सगळीकडे काटकोनच करतो. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने तो खड्डा सपाटच आहे. मला तर ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

आता हे प्रकरण आपल्या मोबाइलपर्यंत कसं येतं, ते पाहू.

नकाशावर किंवा रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली उंची असते समुद्रसपाटीपासूनची. ती मोजायला सर्वेक्षक किनाऱ्यावरून निघतात. दुर्बिणीसारखं यंत्र बुडबुड्याच्या साहाय्याने समतल करायचं, पुढेमागे उभ्या केलेल्या पट्ट्या वाचायच्या, की पुढचा टप्पा. यातला बुडबुडा गुरुत्वाकर्षणाचंच ऐकतो, त्यामुळे ही उंची आपोआप जिओइडपासूनची येते.

जीपीएसला मात्र समुद्र माहीतच नाही. निदान चार उपग्रहांपासूनची अंतरं मोजून तो पृथ्वीच्या केंद्राच्या हिशेबाने तुमची जागा काढतो, आणि मग सांगतो की तुम्ही त्या गुळगुळीत इलिप्सॉइडच्या किती वर आहात.

बंगळुरूचंच बघा. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत जीपीएसचं एक कायमस्वरूपी केंद्र आहे. त्याची इलिप्सॉइडपासूनची उंची सुमारे 844 मीटर. पण तिथे जिओइड इलिप्सॉइडच्या सुमारे 86 मीटर खाली आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची काढायला 844 मधून उणे 86 वजा करायचे. उणे वजा म्हणजे अधिक, हे गणिताच्या तासाला शिकलात ना? उत्तर आलं 930 मीटर. दोन्ही आकडे खरे, फक्त मोजायला सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून झाली.

मुंबईत हा फरक सुमारे 65 मीटरचा आहे. त्यामुळे जुहूच्या वाळूवर भेळ खाताना एखादं ॲप खुशाल ‘उणे 60’ दाखवतं, जणू तुम्ही पाण्याखाली बसून खाताय! बऱ्याच ॲपमध्ये जिओइडचा तक्ता आधीच भरलेला असतो आणि ते स्वतःच दुरुस्ती करतात. काही करत नाहीत. म्हणून एकाच फोनवर दोन ॲप दोन उंच्या सांगू शकतात.

पण फोनचा जीपीएस उंचीत तसाही काही मीटर चुकतोच. मग कुठली गडबड कशाची, हे कसं ओळखायचं? एका जागी उभे राहा. आकडा दर मिनिटाला पाच-दहा मीटर वरखाली नाचत असेल, तर ती सिग्नलची चूक. दोन ॲपमधला फरक मात्र साठच्या घरात ठाण मांडून बसला असेल, तर तो जिओइडचा. जिना चढून गच्चीवर गेलात तर दोन्ही ॲपमधली उंची सारखीच वाढेल, कारण एवढ्याशा जागेत जिओइड बदलत नाही. बंगळुरूचा आकडा मुंबईत वापरलात मात्र, तर वीसेक मीटरनी फसाल.

राहता राहिलं एक कोडं: भारताच्या दक्षिणेलाच हा खड्डा का? भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी 2023 मध्ये संगणकावर पृथ्वीच्या पोटातल्या कोट्यवधी वर्षांच्या हालचाली चालवून पाहिल्या. त्यांच्या मते, फार पूर्वी नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राचा तळ खोल प्रावरणात गेला, त्याने आफ्रिकेखालचा तापलेला भाग ढवळला, आणि तिथून वर आलेला गरम, हलका खडक हिंदी महासागराखाली पसरला. हलका खडक म्हणजे कमी ओढ, आणि कमी ओढ म्हणजे खाली बसलेलं पाणी.