भाडं नेमकं कुणाचं वाढलं?

जुलैमधली संध्याकाळ, बाहेर धो-धो पाऊस. बीकेसीतून अंधेरीला निघालेल्या ताई गाडीत बसताबसताच म्हणाल्या, "काका, एरवी तीनशेत जाते मी. आज साडेचारशे? पाऊस पडला म्हणून किती घ्यायचे?"

चालक गोंधळला. "साडेचारशे कुठले, ताई? मला तर दोनशे नव्वद दाखवतंय." कलानगरच्या सिग्नलला त्याने मोबाइल पुढे केला. काल दुपारी एवढ्याच अंतराला त्याला जवळपास एवढेच मिळाले होते.

दोघंही खरंच बोलत होते. त्याने बरीच वर्षं काळी-पिवळी चालवली होती. तिथे मीटर एकच आणि तो दोघांनाही दिसतो. फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, पुढे किलोमीटरला 20.66. बारा किलोमीटरचे साधारण 248 होतात. गाडी खोळंबली तर थोडे जास्त. पाऊस पडला म्हणून त्यात काही वाढत नाही.

अ‍ॅपचा हिशोब निराळा असतो. शहराचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. एखाद्या तुकड्यात गाडी शोधणारे किती आणि मोकळ्या गाड्या किती, हे सतत मोजलं जातं. मागणी वाढली की तिथला दर चढतो. त्यामागचा विचार असा, की घाई नसलेले प्रवासी थांबतील आणि जादा पैशांच्या आशेने चालक तिकडे वळतील. पण प्रवाशाला भाडं आधीच ठरवून सांगायचं आणि चालकाची कमाई अंतर-वेळेवर वेगळी काढायची, अशी पद्धत असेल तर हे दोन आकडे एकत्र वाढतीलच असं नाही. मग चालकाने तिकडे वळावं तरी कशासाठी? मला या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत खटकते. आणि वळावंसं वाटलं तरी भर पावसात कुर्ल्याहून बीकेसीत पोहोचेपर्यंत तिथला चढा दर उतरूनही गेलेला असतो.

केंद्र सरकारच्या जुलै 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाढीव भाड्याला मूळ भाड्याच्या दुपटीची मर्यादा आहे. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्यातला किमान 80 टक्के वाटा मिळावा, असंही त्यांत म्हटलं आहे. राज्यं आपापले नियम करतात, पण हा आकडा ताडून पाहायला उपयोगी पडतो. साडेचारशेतून पाच टक्के जीएसटी वजा केला तर सुमारे 428 उरतात. त्यांचे 80 टक्के म्हणजे 343. गाडी या काकांची स्वतःची आहे. मग मधले पन्नासएक रुपये गेले कुठे?

त्या सिग्नलला ताईंनी हाच हिशोब मांडला आणि बिलाचा फोटो काकांना पाठवला. आपल्या खात्यातल्या फेरीच्या तपशिलाशेजारी तो ठेवून त्यांनी त्याच रात्री कंपनीकडे लेखी विचारणा केली.