पीतांबराचा समास कोणता?

‘पीतांबर या शब्दाचा समास ओळखा : (अ) कर्मधारय (आ) बहुव्रीही (इ) तत्पुरुष (ई) द्वंद्व.’ मराठीच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकांत हा प्रश्न किंवा त्याचा एखादा भाऊबंद हमखास भेटतो. महाविद्यालयीन चाचण्यांसाठी सहकाऱ्यांनी काढलेले प्रश्न तपासण्याचे काम माझ्याकडे काही वर्षे आहे. त्यात असाच एक प्रश्न समोर आला. उत्तरसूचीत ‘बहुव्रीही’ होते.

तपासताना मी उत्तरसूची झाकून ठेवतो आणि विद्यार्थ्यासारखा प्रश्न सोडवतो. सूची आधी पाहिली की डोळा तेच उत्तर खरे करून घेतो, बाकीचे पर्याय वाचलेच जात नाहीत. या प्रश्नाला मी ‘कर्मधारय’ लिहिले. आमच्या कोगनोळीत सोवळ्यात पीतांबर नेसतात, म्हणून मला पिवळे वस्त्र दिसले. प्राश्निकाला विष्णू दिसला होता. पिवळे असे जे अंबर ते, हा विग्रह कर्मधारयाचा. पिवळे आहे अंबर ज्याचे तो, हा बहुव्रीहीचा. सुटा शब्द दिला तर दोन्ही बरोबर.

खरी गफलत मात्र तिसऱ्या पर्यायात होती. परंपरेने कर्मधारय हा तत्पुरुषाचाच पोटप्रकार मानला जातो. म्हणजे वस्त्र असा अर्थ घेणाऱ्याने ‘तत्पुरुष’ लिहिले तरी त्याला चूक ठरवता येत नाही. चारपैकी तीन उत्तरे समर्थनीय! म्हणून सूची झाकून सोडवणे पुरेसे नाही. उरलेला प्रत्येक पर्याय चूक का, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ‘तत्पुरुष’पुढे ते वाक्य मला लिहिता आले नाही, तेव्हा दोष सापडला.

पर्यायांची पुनरुक्ती नेहमी उघडी नसते. तोच शब्द दोनदा छापला गेला तर कोणालाही दिसते. पण ‘गोडी’ या नामाचा प्रकार विचारून ‘भाववाचक’ आणि ‘धर्मवाचक’ असे दोन पर्याय दिले तर एकाच प्रकाराची ती दोन नावे आहेत. इथे उत्तरच दोनदा आले. उलट, विचारलेले नाम ‘गंगा’ असते तर हुशार विद्यार्थी म्हणाला असता की हे दोन्ही एकच, तेव्हा दोन्ही चूक. मग चारातून निवड न राहता दोनातून राहते आणि अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता पाव होती ती निम्मी होते.

प्रश्नाचे विधान संदिग्ध असण्याचे आमच्या सीमाभागातले उदाहरण म्हणजे ‘मराठीत स्वर किती?’. जुन्या व्याकरणांवर शिकलेला १२ म्हणतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून १४ स्वर आहेत. कोगनोळीचा मुलगा कर्नाटकात शिकतो आणि कागलला पोहोचले की महाराष्ट्र. त्याच्या हाती दोन्हीकडची पुस्तके असतात. दोन्ही आकडे पर्यायांत असतील तर तो चुकला असे कोणत्या आधारावर म्हणायचे? कोणत्या वर्णमालेनुसार, हे विधानातच यायला हवे. ते घालायचे नसेल तर प्रश्न गाळावा, असे माझे मत आहे. अशा प्रश्नाने भाषा कळते की नाही, हे फारसे कळतही नाही.

दोष सापडल्यावर परस्पर दुरुस्ती करण्याचा मोह होतो. मी एकदा तो केला. दोन पर्यायांची अदलाबदल केली आणि सूचीतले अक्षर तसेच राहिले. बरोबर लिहिणाऱ्यांचे गुण गेले, ते पुढे तक्रार आल्यावर द्यावे लागले. तेव्हापासून प्रश्न मी प्राश्निकाकडे परत पाठवतो. ‘प्रश्न संदिग्ध आहे’ एवढा शेरा निरुपयोगी असतो, त्याने फक्त माणूस दुखावतो. पीतांबराच्या प्रश्नावर मी लिहिले : ‘सुट्या शब्दाचे दोन विग्रह होतात; (अ) आणि (आ) दोन्ही बरोबर. (अ) हा (इ) चा पोटप्रकार. वाक्य द्यावे, (इ) बदलावा.’

बाई थोड्या नाराज झाल्या. ‘सर, पुस्तकात बहुव्रीहीच आहे,’ म्हणाल्या. पुस्तकात होतेच, पण तिथे विग्रहापुढे कंसात विष्णूही होता. प्रश्नात तो गळला होता. दोन दिवसांनी त्यांनी प्रश्न नव्याने दिला : ‘“पुजाऱ्याने पीतांबर नेसला.” या वाक्यातील “पीतांबर” या शब्दाचा समास ओळखा : (अ) कर्मधारय (आ) बहुव्रीही (इ) अव्ययीभाव (ई) द्वंद्व.’ आता बहुव्रीही हा खरा चकवा झाला, कारण पाठ केलेले उत्तर लिहिणारा तिथेच अडकतो. सूचीत मात्र अजून (आ) होते. तो कागद पुन्हा परत गेला.